नवग्राहक ऑनबोर्डिंग सत्राची क्रमरचना

नवग्राहक ऑनबोर्डिंग सत्र म्हणजे एखादी संगणकप्रणाली नव्याने घेतलेल्या ग्राहकाला तिच्या वापरात आणण्यासाठी पुरवठादाराच्या मार्गदर्शकाने घेतलेली पहिली बैठक होय. ही बैठक ग्राहकाच्या पहिल्या प्रवेशापासून, म्हणजेच लॉगिनपासून सुरू होते. ग्राहकाच्या स्वतःच्या माहितीतून त्याच्या उपयोगाचे पहिले फलित हाती आले की ती पूर्ण झाली असे मानले जाते. या दोन टोकांमध्ये कोणते काम आधी आणि कोणते नंतर घ्यावे, हे ठरवण्याला सत्राची क्रमरचना म्हणतात.

क्रमरचनेचा विचार कोणत्याही प्रणालीला लागू होत असला, तरी बिले आणि हिशेब ठेवणाऱ्या प्रणालींमध्ये त्याचे परिणाम विशेष ठळकपणे दिसतात. तेथे पहिल्या तासाभरात घेतलेले काही निर्णय पुढे वर्षभर बदलता येत नाहीत. म्हणून या लेखात वस्तू व सेवा कर (जीएसटी) लागू असलेल्या लहान घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंग प्रणालीचे उदाहरण घेतले आहे.

## संज्ञा आणि पार्श्वभूमी

‘ऑनबोर्डिंग’ हा शब्द मनुष्यबळ व्यवस्थापनातून आला. नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्याला संस्थेच्या कामात सामावून घेण्याच्या प्रक्रियेला तो लावला जात असे. सदस्यत्व शुल्कावर चालणाऱ्या संगणकप्रणालींचा प्रसार झाल्यावर तो ग्राहकांच्या बाबतीतही रूढ झाला. अशा प्रणालीत ग्राहक दर महिन्याला किंवा दर वर्षाला पुन्हा पैसे भरतो. उपयोग झाला नाही तर तो प्रणाली सोडून देतो, आणि म्हणून पहिला उपयोग किती लवकर होतो याला महत्त्व आले. प्रणाली हाती आल्यापासून पहिला उपयोग होईपर्यंतच्या काळाला या व्यवसायात ‘टाइम टू व्हॅल्यू’ असे म्हणतात.

या विचाराचा पाया त्याआधीच घातला गेला होता. आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात जॉन कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दप्रक्रिया प्रणाली शिकणाऱ्या नवशिक्यांचा अभ्यास केला. शिकणारी माणसे पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, त्यांना आपले खरे काम ताबडतोब करून पाहायचे असते, आणि त्या घाईत झालेल्या चुकांत ती अडकून पडतात, असे त्यांना आढळले. १९८४ साली कॅरोल आणि कॅरिथर्स यांनी या प्रणालीची एक मर्यादित आवृत्ती तपासली. सायकल शिकणाऱ्या मुलासाठी मागच्या चाकाला लहान आधारचाके लावतात, त्याप्रमाणे या आवृत्तीत नवशिक्याला अडचणीत आणणाऱ्या सोयी बंद ठेवल्या होत्या. तिच्यावर शिकणाऱ्यांचे पहिले काम लवकर पूर्ण झाले. कॅरोल यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ या ग्रंथात हा दृष्टिकोन विस्ताराने मांडला आहे. डोक्यात नरसाळे लावून ज्ञान ओतता येते, या जुन्या युरोपीय विनोदी कल्पनेवरून ग्रंथाला हे नाव दिले आहे. प्रणालीतील प्रत्येक पडदा ओळीने दाखवत जाणारे सत्र हे त्या नरसाळ्याचेच आधुनिक रूप ठरते.

## क्रमाचे तत्त्व

सत्राचा क्रम शेवटाकडून मागे ठरवला जातो. प्रथम त्या ग्राहकाचे पहिले उपयोगी फलित कोणते ते निश्चित करतात. त्यानंतर ते मिळण्यासाठी किमान काय भरलेले असावे लागते, याचा मागोवा घेतात. त्या मार्गावर नसलेले प्रत्येक काम सत्राबाहेर ठेवले जाते.

या नियमाला एकच अपवाद आहे. काही निर्णय पहिल्या फलितासाठी आवश्यक नसतात, पण ते चुकल्यास नंतर दुरुस्त करणे अशक्य किंवा फार खर्चिक होते. त्यामुळे प्रत्येक कामाला दोन प्रश्न लावले जातात. हे केल्याशिवाय आजचे फलित मिळेल का? आणि हे आज चुकले, तर पुढच्या महिन्यात नुकसान न होता सुधारता येईल का? ज्या कामाबाबत दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे येते, ते पुढे ढकलण्यास हरकत नसते. बिलावरील बोधचिन्ह, मालाची संपूर्ण यादी, संदेश पाठवण्याची सोय, बिलाचा नमुना ही कामे या वर्गात येतात. बिलांची क्रममालिका आणि हिशेब सुरू करण्याची तारीख यांबाबत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे येते. म्हणून ती पहिल्या बिलाच्या आधी ठरवावी लागतात.

## फलिताची निवड

पहिले फलित ग्राहकागणिक वेगळे असते. किरकोळ विक्रीच्या दुकानदाराला गर्दीच्या वेळी झटपट निघणारे बिल हवे असते. घाऊक व्यापाऱ्याची विक्री बहुतांश उधारीवर चालते, आणि बिलपुस्तकाने त्याचे बिलाचे काम भागतच आलेले असते. त्याची खरी अडचण दुसरीच असते. कोणत्या पार्टीकडे, कोणत्या बिलापोटी, किती दिवसांपासून किती रक्कम येणे आहे, हे त्याला वही चाळल्याशिवाय सांगता येत नाही. त्यामुळे छापलेले पहिले बिल हे त्याच्या दृष्टीने फलित ठरत नाही. एका खऱ्या पार्टीची येणे बाकी वहीशी रुपयाला रुपया जुळणे आणि ती बिलवार दिसणे, हे त्याचे फलित होय.

मार्गदर्शकाला हे फलित स्वतःहून गृहीत धरता येत नाही. सत्राच्या एकदोन दिवस आधी दूरध्वनीवर विचारलेला एक प्रश्न त्यासाठी पुरेसा होतो: संध्याकाळी दुकान बंद करताना कोणती गोष्ट वहीत शोधावी लागते? या प्रश्नाचे उत्तर हाच सत्राचा शेवट असतो.

## उदाहरण: पाइपांच्या घाऊक व्यापाऱ्याचे सत्र

पुढील उदाहरण समजण्याच्या सोयीसाठी रचलेले आहे. सांगली येथील एका घाऊक व्यापाऱ्याचा पीव्हीसी पाइपांचा व्यवसाय आहे. सुमारे १४० पार्ट्या आणि ६०० प्रकारचा माल आहे. दुकानात मालक आणि हिशेब पाहणारे दिवाणजी असे दोघे प्रणाली वापरणार आहेत. व्यापारी जीएसटीचे विवरणपत्र दर महिन्याला भरतो. सत्र १ डिसेंबर रोजी सकाळी ९ ते १०:३० या वेळेत ठेवले आहे, कारण गाड्या भरण्याचे काम ११ नंतर सुरू होते आणि तोपर्यंत दिवसाचे एकही बिल झालेले नसते.

### सत्राआधी मागवायची कागदपत्रे

मार्गदर्शक चारच गोष्टी तयार ठेवण्यास सांगतो: जीएसटी नोंदणीचे प्रमाणपत्र, चालू बिलपुस्तक, उधारीची वही आणि त्या दिवशी ज्याला माल जाणार आहे अशा एका पार्टीचे नाव. मालाची सर्व यादी एक्सेलमध्ये मागवली जात नाही. ६०० ओळींची यादी तयार करण्यात आठवडा जातो, सत्र पुढे ढकलले जाते, आणि आलेल्या यादीतील दोष निस्तरण्यातच पहिली बैठक संपते.

### पहिला प्रवेश (१० मिनिटे)

खाते मालकाच्या मोबाइल क्रमांकावर उघडले जाते. हे काम किरकोळ वाटले, तरी येथेच अनेक सत्रे अडखळतात. एकवार वापराचा संकेतांक (ओटीपी) ज्या मोबाइलवर येतो, तो मालकाच्या मुलाकडे किंवा घरी राहिलेला असू शकतो. मग वेळ वाचवण्यासाठी खाते मार्गदर्शकाच्याच ईमेलवर उघडले जाते. असे खाते कागदोपत्री ग्राहकाचे राहत नाही. मार्गदर्शक नोकरी सोडून गेला, की पासवर्ड बदलण्याचा मार्गही त्याच्याबरोबर जातो.

मालकाचा प्रवेश झाल्यावर दिवाणजींसाठी वेगळा वापरकर्ता तयार केला जातो. दोघांनी एकच पासवर्ड वापरल्यास बिलात फेरफार कोणी केला हे नंतर कळत नाही. या वेळेपासून संगणकाचा माउस दिवाणजींच्या हाती राहतो. मार्गदर्शक सांगतो, पण स्वतः काही भरत नाही. त्याने भरलेला पडदा दिवाणजींना पाहिल्यासारखा वाटतो, पण दुसऱ्या दिवशी तो सापडत नाही.

### न बदलणारे निर्णय (२० मिनिटे)

येथे तीन गोष्टी ठरवल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे नोंदणी क्रमांक आणि राज्य. जीएसटी नोंदणी क्रमांक पंधरा अक्षरांचा असून त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे, कर्नाटकाचा २९ आणि गोव्याचा ३०. पुढची दहा अक्षरे ही व्यापाऱ्याचा पॅन क्रमांक असतात. क्रमांक तोंडी न सांगता प्रमाणपत्र पाहून भरला जातो, कारण दुकानाच्या पाटीवरील क्रमांकात इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची गल्लत झालेली आढळते.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब सुरू करण्याची तारीख. ती महिन्याच्या मध्यावर घेतली, तर त्या महिन्याची निम्मी बिले बिलपुस्तकात आणि निम्मी प्रणालीत राहतात, व विवरणपत्र भरताना दोन्ही एकत्र करावी लागतात. म्हणून मासिक विवरणपत्र भरणाऱ्यासाठी महिन्याची पहिली तारीख योग्य ठरते आणि तिमाही भरणाऱ्यासाठी तिमाहीची. या उदाहरणात १ डिसेंबर ही तारीख भरली जाते, आणि ३० नोव्हेंबर अखेरची बाकी हीच आरंभीची बाकी ठरते.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे बिलांची क्रममालिका. जीएसटीच्या नियमांनुसार बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. तो सोळा अक्षरांहून मोठा असता कामा नये. एकाहून अधिक मालिका ठेवता येतात, आणि अंक व अक्षरांबरोबर आडवी रेघ व तिरकी रेघ वापरता येते. बिलपुस्तक ४११ क्रमांकापर्यंत आलेले असताना प्रणालीतही १ पासून तसाच क्रमांक सुरू केला, तर एकाच वर्षात त्याच क्रमांकाची दोन बिले होतात. त्यामुळे प्रणालीत वेगळी उपसर्गयुक्त मालिका घेतली जाते:

```
PV/25-26/0001
```

हा क्रमांक तेरा अक्षरांचा आहे. बिलपुस्तकाची जुनी मालिका वीज किंवा इंटरनेट नसतानाच्या वापरासाठी ४१२ पासून पुढे राखून ठेवली जाते. तिच्यावर झालेले बिल त्याच संध्याकाळी, त्याच क्रमांकाने प्रणालीत उतरवायचे असते.

### पहिले फलित (४० मिनिटे)

आता ज्या पार्टीला आज माल जाणार आहे, तेवढे एकच खाते उघडले जाते. वहीप्रमाणे तिच्याकडे ₹ २३,४८० येणे आहे. बहुतेक प्रणालींत ही आरंभीची बाकी एकच रक्कम म्हणून भरता येते. तसे केल्यास आकडा बरोबर दिसतो, पण ती उधारी किती जुनी आहे हे कळत नाही. म्हणून ती बिलवार भरली जाते: १२ ऑक्टोबरचे ₹ १५,३०० आणि २७ नोव्हेंबरचे ₹ ८,१८०. दोन्हींची बेरीज वहीतील आकड्याशी जुळते याची खातरजमा दिवाणजी करतात.

त्यानंतर आजच्या बिलापुरता मालाचा एक प्रकार भरला जातो. पीव्हीसी पाइपांचा एचएसएन संकेतांक ३९१७ असून त्यावर १८ टक्के कर आहे. बिलात ४० नग आहेत आणि प्रत्येकी दर ₹ ३५० आहे. मालाची किंमत ₹ १४,००० होते. विक्री राज्यातल्या राज्यात असल्याने कराचे दोन समान भाग पडतात: केंद्रीय कर ₹ १,२६० आणि राज्य कर ₹ १,२६०. बिलाची एकूण रक्कम ₹ १६,५२० होते. पडद्यावर एकूण रक्कम ₹ १४,००० दिसली, तर दर करासहित असल्याची खूण चुकून निवडली गेली आहे, असे समजावे. त्या स्थितीत प्रणाली ₹ १४,००० मधूनच कर वेगळा काढते, आणि व्यापाऱ्याला प्रत्येक बिलात कराएवढा तोटा होतो. बिल जपून ठेवण्यापूर्वी ही रक्कम पाहिली जाते.

बिल झाल्यावर पार्टीची बाकी ₹ ४०,००० दिसते. पार्टीने पाठवलेले ₹ १०,००० जमा करताना प्रणाली विचारते की ही रक्कम कोणत्या बिलापोटी धरायची. ती १२ ऑक्टोबरच्या बिलापोटी धरली, की येणे यादी पुढीलप्रमाणे दिसते: त्या बिलाचे ₹ ५,३०० शिल्लक असून ते ५० दिवस जुने आहे, २७ नोव्हेंबरच्या बिलाचे ₹ ८,१८० शिल्लक असून त्याला ४ दिवस झाले, आजचे ₹ १६,५२० आहेत. एकूण येणे ₹ ३०,००० आहे.

याच ठिकाणी सत्र काही क्षण थांबवले जाते, आणि दिवाणजींना वहीत तीच वजाबाकी करून पाहण्यास सांगितले जाते. वही आणि पडदा दोन्हींवर ₹ ३०,००० दिसणे, आणि शिवाय ₹ ५,३०० पन्नास दिवसांपासून अडकले आहेत हे वहीने न सांगितलेले दिसणे, हे या ग्राहकाचे पहिले उपयोगी फलित होय. आकडा जुळला नाही, तर पुढे जाणे थांबवतात. एका पार्टीतील चूक पाच मिनिटांत सापडते, पण १४० पार्ट्या भरल्यावर तीच चूक शोधायला दिवस जातात.

### दुसरे बिल (१५ मिनिटे)

पहिले बिल सूचनांच्या आधाराने झालेले असल्यामुळे त्यावरून शिकणे झाले असे म्हणता येत नाही. दुसरे बिल दिवाणजी मार्गदर्शकाने न बोलता करतात, आणि ते मुद्दाम राज्याबाहेरचे निवडले जाते. सांगलीपासून अथणी दूर नाही, पण ते कर्नाटकात आहे. तेथे पाठवायच्या २५ नगांची किंमत ₹ ८,७५० होते. येथे कराचे दोन भाग न पडता १८ टक्के एकात्मिक कर ₹ १,५७५ लागतो. बिलाची एकूण रक्कम ₹ १०,३२५ होते.

राज्यातली आणि राज्याबाहेरची विक्री, दोन्हींत कराची रक्कम एकाच दराने येते. त्यामुळे पार्टीच्या खात्यात राज्य भरायचे राहून गेले आणि प्रणालीने महाराष्ट्रच गृहीत धरला, तर बिलाचा एकूण आकडा बघून ही चूक लक्षात येत नाही. ती फक्त कराचे नाव वाचल्यावर कळते. चुकीच्या शीर्षाखाली भरलेला कर परत मागावा लागतो आणि योग्य शीर्षाखाली पुन्हा भरावा लागतो. म्हणून पहिल्या सत्रातच ही एक तपासणी दिवाणजींच्या सवयीत बसवली जाते.

### समारोप (५ मिनिटे)

पुढे ढकललेल्या कामांची यादी दिवाणजींच्या वहीत त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिली जाते. ज्या पार्टीचे बिल येईल तिचे खाते त्या वेळी, आरंभीच्या बाकीसह उघडायचे, मालाचेही तसेच. या पद्धतीने चालू पार्ट्यांची खाती रोजच्या कामातच तयार होत जातात. ज्यांचा व्यवहार थंडावला आहे अशांची बाकी महिनाअखेरीस एकदम भरली जाते. करसल्लागाराला प्रणालीत पाहण्याची परवानगी देणे, बिलाचा नमुना बदलणे आणि मालाचा साठा मोजून भरणे ही कामे दुसऱ्या सत्रासाठी ठेवली जातात.

## क्रम चुकल्याची लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे यादी भरण्यापासून सुरुवात करणे. एक्सेलमधील यादी प्रणालीत ओतताना मालाच्या संकेतांकाच्या आरंभीची शून्ये गळून पडतात, तेरा अंकी बारकोड घातांकाच्या रूपात दिसू लागतात, आणि दिवस व महिना यांची अदलाबदल होते. ५ डिसेंबरचे बिल १२ मेचे होते. मात्र २५ डिसेंबरच्या बिलाची तारीख तशी उलटवता येत नसल्याने प्रणाली ती नाकारते. काही ओळी स्वीकारल्या आणि काही नाकारल्या असे दिसले, तर स्वीकारलेल्या ओळींवरही विश्वास ठेवता येत नाही. तारखेची गल्लत त्यांच्यातच लपलेली असते.

दुसरी चूक म्हणजे खऱ्या खात्यात लुटुपुटीचे बिल करणे. सराव म्हणून ‘अबक’ नावाच्या पार्टीला केलेले बिल मालिकेतील पहिला क्रमांक खाते. ते पुसून टाकले तर सलग क्रमात खंड पडतो. रद्द केले तर विवरणपत्रातील निर्गमित दस्तऐवजांच्या तक्त्यात ते रद्द म्हणून दाखवावे लागते. सरावाची गरज असेल, तर त्यासाठी वेगळी चाचणी कंपनी उघडली जाते. मात्र बहुतेक वेळा खरे बिल हाच अधिक चांगला सराव ठरतो, कारण त्यातील आकडा बरोबर आहे की नाही हे दिवाणजी मनाशी ताडून पाहू शकतात. काल्पनिक पार्टीची बाकी बरोबर आली की चूक, हे कोणीच सांगू शकत नाही.

तिसरी चूक संभाषणातूनच ओळखू येते. सत्राच्या अर्ध्यावर ग्राहक ‘हे चांगले आहे’ असे वारंवार म्हणत असेल आणि एकही आकडा तपासत नसेल, तर तो प्रात्यक्षिक पाहत आहे, काम करत नाही, असे समजले जाते. याउलट तो वहीकडे वळून ‘हे कसे काय?’ असे विचारू लागला, की सत्र योग्य मार्गावर असते.

## फलिताची पडताळणी

सत्र यशस्वी झाले की नाही, हे सत्राच्या शेवटी ठरत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्गदर्शक एकच प्रश्न विचारतो: आज बिलपुस्तकावर किती बिले झाली आणि प्रणालीत किती? वीज गेलेली नसतानाही बिलपुस्तकावरील क्रमांक ४१२ च्या पुढे सरकत असेल, तर दिवाणजी अडले आहेत. बहुधा एखाद्या विशिष्ट ठिकाणी ते अडतात, जसे की मीटरवर विकला जाणारा माल किंवा भाडे जोडावयाचे बिल. ती अडचण त्याच दिवशी सुटली नाही, तर दोन्ही मालिका समांतर चालू लागतात आणि काही आठवड्यांत प्रणाली मागे पडते.

सातव्या दिवशी येणे यादीतील कोणत्याही पाच पार्ट्या निवडून त्यांची बाकी वहीशी ताडून पाहिली जाते. पाचही जुळल्या, तर उधारीची वही लिहिणे थांबवण्याचा निर्णय मालक घेऊ शकतो. हा निर्णय मार्गदर्शकाने सुचवायचा नसतो. वही बंद करणे ही ग्राहकाने प्रणालीवर विश्वास ठेवल्याची खूण असते, आणि आग्रहाने बंद करवलेली वही पहिल्याच तफावतीला पुन्हा उघडली जाते.

## मर्यादा

वरील क्रम लहान आणि एकाच ठिकाणी चालणाऱ्या व्यवसायास लागू पडतो. वार्षिक उलाढाल ₹ ५ कोटींहून अधिक असलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत खरेदीदारांसाठीच्या बिलांकरिता ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. अशा ग्राहकाचे बिल शासकीय पोर्टलवर नोंदवून संदर्भ क्रमांक आणि क्यूआर कोड मिळाल्याखेरीज पूर्ण होत नाही. त्यामुळे पोर्टलची जोडणी पुढे ढकलता येत नाही. ती पहिल्या फलिताच्या मार्गावरच येते. नोंदवलेले ई-इनव्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येते. म्हणून तेथे पहिले बिल चाचणीच्या पोर्टलवर करून मगच खऱ्या पोर्टलवर जातात, आणि सत्राचे दोन भाग पडतात.

औषधांच्या व्यापारात मालाचा गट क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख बिलावर असावी लागते. त्यामुळे वर पुढे ढकललेली साठ्याची नोंद तेथे बिलाच्या आधी येते. अनेक शाखा असलेल्या व्यवसायात कोणत्या शाखेची कोणती मालिका हे आधी ठरवावे लागते, आणि पहिले सत्र एकाच शाखेपुरते घेतले जाते. फलित बदलले की त्याकडे जाणारा मार्ग बदलतो. मात्र बिलांची मालिका आणि आरंभीची तारीख या दोन गोष्टी प्रत्येक मार्गात पहिल्या बिलाच्या अलीकडेच राहतात.

## हेही पहा

* वस्तू व सेवा कर
* द्विनोंदी लेखापद्धती
* ई-इनव्हॉइस